चेहऱ्यावरची मोत्यासारखी चमकणारी, न भरणारी पुटकुळी : बेसल सेल कर्करोग कसा ओळखावा

नवी दिल्ली : नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याशी किंवा गालावर एक लहानशी गाठ दिसू लागते. ती दुखत नाही, खाजत नाही. तिच्यावर मोत्यासारखी झाक असते. टॉवेलने तोंड पुसताना किंवा दाढी करताना तिच्यातून थेंबभर रक्त येते, त्यावर खपली धरते, आठ-पंधरा दिवसांनी खपली पडते आणि पुन्हा रक्त येते. हे चक्र महिनोन्महिने चालते. त्वचेच्या कर्करोगांपैकी बेसल सेल कार्सिनोमा या प्रकाराचे हे सर्वांत परिचित रूप आहे.

हा कर्करोग फार सावकाश वाढतो आणि शरीराच्या इतर अवयवांत जवळजवळ कधीच पसरत नाही. त्यामुळे त्याने मृत्यू ओढवणे दुर्मीळ आहे. मात्र तो जिथे उगवतो तिथली त्वचा, खालची कूर्चा आणि शेवटी हाडही पोखरतो. वेळेत काढल्यास काही टाक्यांवर निभावते; दुर्लक्ष केल्यास नाकपुडी, पापणी किंवा कान गमावण्याची वेळ येते. या आजारात रुग्णाचे नुकसान किती होणार हे मुख्यतः तो कितव्या महिन्यात ओळखला गेला यावर ठरते.

आयर्लंडमधील डब्लिन येथील नेत्रतज्ज्ञ आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापण्यांवर होणाऱ्या अशा न भरणाऱ्या व्रणाचे वर्णन प्रसिद्ध केले. ऊती कुरतडत जाणारा म्हणून या व्रणाला पुढे इंग्रजी वैद्यकात 'रोडन्ट अल्सर' असे नाव पडले. उंदराने कडा कुरतडावी तसा तो वाढतो, ही त्यामागची कल्पना. आजही दुर्लक्षित रुग्णात त्याचे रूप तसेच दिसते.

गाठ चमकते का, रक्त का येते?

त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी पेशींची एक रांग असते. या तळपेशी सतत विभागत राहतात. नव्या पेशी वर सरकत जातात, चपट्या होतात, टणक होतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. हा प्रवास साधारण महिनाभराचा असतो. बेसल सेल कर्करोगातील पेशी दिसायला या तळपेशींसारख्या असतात, म्हणून त्याला हे नाव मिळाले. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशींपासूनही तो उगम पावतो.

या कर्करोगातील पेशी वर सरकून टणक होण्याचे काम करत नाहीत. त्या पुंजक्यापुंजक्यांनी त्वचेत खाली उतरतात. पुंजक्यांभोवती बुळबुळीत, पारदर्शकसर द्रव्य साचते आणि त्यांच्यावर उरलेला त्वचेचा थर ताणून पातळ होतो. या पातळ थरातून आतला अर्धपारदर्शक भाग दिसतो, तीच मोत्यासारखी झाक. वाढणाऱ्या गाठीला रक्तपुरवठा हवा असतो, म्हणून तिच्या पृष्ठभागाखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात. झाडाच्या फांद्या पसराव्यात तशा त्या गाठीच्या कडेकडून मध्याकडे जाताना दिसतात. वर पातळ आवरण आणि खाली ठिसूळ वाहिन्या, त्यामुळे जरासे घासले तरी रक्त येते.

गाठ मोठी होऊ लागली की तिचा मध्यभाग झिजतो आणि तिथे खळगा पडतो. कडा मात्र उंच, गोलसर आणि चमकदार राहतात. खळग्यावर खपली धरली की घरच्यांना वाटते, जखम भरत आली. परंतु ही जखम नव्हेच. खपलीखाली निरोगी त्वचा तयार होत नसते; तिथे गाठीच्याच पेशी असतात. म्हणून खपली पडली की पुन्हा उघडा, ओला भाग दिसतो. चेहऱ्यावरची साधी जखम किंवा पुटकुळी एक-दोन आठवड्यांत बरी होते, फार तर तीन. चार आठवडे उलटूनही न भरलेली, किंवा भरल्यासारखी होऊन त्याच जागी पुन्हा उघडणारी कोणतीही जागा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी, हा नियम याच हिशेबातून आला आहे.

भारतीय त्वचेवर रूप वेगळे

वैद्यकीय पुस्तकांतील बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेवरची असतात. त्यांत गाठ गुलाबी आणि लाल वाहिन्यांनी भरलेली दिसते. भारतीयांच्या सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर ती बऱ्याचदा तशी दिसत नाही. इथे गाठीच्या पेशींत आणि त्यांच्या आसपास मेलॅनिन हे रंगद्रव्य साचते, त्यामुळे ती काळी, तपकिरी किंवा निळसर-राखाडी दिसते. भारतातील रुग्णांमध्ये हे रंगद्रव्ययुक्त रूप विशेष आढळते. परिणामी रुग्ण तिला तीळ किंवा मस समजतो आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहत नाही.

अशा काळ्या गाठीतही मोत्याची झाक हरवलेली नसते. ती फक्त शोधावी लागते. आरशासमोर, बाजूने येणाऱ्या प्रकाशात गाठीच्या दोन्ही बाजूंची त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणली तर कडेची चमकदार, मण्यांच्या माळेसारखी किनार स्पष्ट होते. काळा रंगही तिळासारखा सलग नसतो. ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो. त्याहून महत्त्वाची खूण काळाची आहे. तीळ बहुधा लहानपणी किंवा तारुण्यात येतो आणि नंतर फारसा बदलत नाही. पन्नाशी-साठीनंतर चेहऱ्यावर नव्याने आलेला, हळूहळू मोठा होणारा आणि अधूनमधून रक्त येणारा 'तीळ' हा तीळ आहे असे गृहीत धरू नये.

चेहऱ्यावर चमकदार दिसणारी प्रत्येक पुटकुळी कर्करोग नसते, हेही तितकेच खरे. उतारवयात तेलग्रंथी वाढून कपाळावर व गालावर पिवळसर, मध्ये बारीक खळी असलेल्या गाठी येतात. त्यांतून आपोआप रक्त येत नाही. जुना, उंचावलेला तीळ मऊ असतो आणि त्यावर अनेकदा केस उगवलेले दिसतात. मुरूम दुखतो, पिकतो आणि जातो. भारतात त्वचेच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. त्यात लालसर-तपकिरी चट्टा एका बाजूने पसरतो आणि दुसऱ्या बाजूने व्रण सोडत भरतो. काळ्या गाठीच्या बाबतीत मेलॅनोमा हा अधिक घातक कर्करोग नाही ना, हे पाहणेही आवश्यक असते. हा फरक घरी बसून ठरवता येत नाही. घरी एवढेच ठरवता येते की जागा दाखवण्याजोगी आहे.

बेसल सेल कर्करोगाची आणखी दोन रूपे मोत्यासारखी दिसत नाहीत. एकात पाठीवर किंवा छातीवर लालसर, किंचित कोंडा सुटणारा चट्टा येतो आणि त्यावर गजकर्ण किंवा इसब समजून मलमे लावली जातात. दुसऱ्यात चेहऱ्यावर पांढुरका, घट्ट, मेणासारखा व्रणाचा डाग दिसतो, परंतु तिथे कधी जखम झाल्याचे रुग्णाला आठवत नाही. हे दुसरे रूप अधिक त्रासदायक असते, कारण त्याची मुळे डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या बरीच पलीकडे गेलेली असतात.

कोणाला धोका अधिक?

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे हे या कर्करोगाचे प्रमुख कारण. ही किरणे तळपेशींतील डीएनएमध्ये चुका निर्माण करतात. पेशींच्या वाढीला आवर घालणारे 'पॅच्ड' नावाचे एक जनुक आहे. ते बिघडले की वाढीचा संदेश थांबतच नाही आणि पेशी विभागत राहतात. सुमारे ८० टक्के बेसल सेल कर्करोग डोके आणि मानेवर होतात आणि त्यातही नाक हे सर्वांत नेहमीचे ठिकाण आहे, याचे कारण तेच. पण संबंध इतका सरळही नाही. डोळ्याचा आतला कोपरा, कानामागची घडी अशा सावलीतल्या जागीही तो आढळतो. तसेच नुकसान आणि गाठ यांत दशकांचे अंतर असते. साठीत उगवणाऱ्या गाठीची पेरणी बालपणीच्या आणि तारुण्यातील उन्हात झालेली असू शकते.

मेलॅनिन हे नैसर्गिक संरक्षण असल्याने भारतात हा रोग ऑस्ट्रेलिया किंवा युरोपच्या तुलनेत कमी दिसतो. तथापि शेतकरी, बांधकाम मजूर, मच्छीमार, रेल्वेमार्गावर काम करणारे कर्मचारी यांचे आयुष्य उन्हात जाते आणि ज्येष्ठ नागरिकांची संख्याही वाढत आहे. काही व्यक्तींमध्ये धोका जन्मतःच अधिक असतो. ज्यांच्या त्वचेत रंगद्रव्य नाही असे वर्णहीनतेचे रुग्ण, तसेच झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक विकाराचे रुग्ण यांना तरुणपणी, कधी बालपणीच त्वचेचे कर्करोग होतात. 'पॅच्ड' जनुकातील दोष जन्मतः घेऊन येणाऱ्या गोर्लिन सिंड्रोममध्ये कमी वयात अनेक गाठी येतात. जबड्यात पोकळ गाठी आणि तळहातांवर बारीक खळगे ही त्याची इतर लक्षणे. पूर्वी रेडिएशन उपचार झालेली जागा आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्यातही धोका वाढतो.

भारताच्या संदर्भात आर्सेनिकचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. पश्चिम बंगाल आणि बिहारच्या गंगाकाठच्या काही जिल्ह्यांत हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक आढळते. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्यांच्या त्वचेवर पावसाच्या थेंबांसारखे फिके-काळे ठिपके उमटतात आणि तळहात-तळपाय खडबडीत होतात. त्यानंतर अनेक वर्षांनी त्वचेचे कर्करोग उद्भवू शकतात. हे कर्करोग कपड्यांखाली झाकलेल्या भागावर आणि एकाहून अधिक ठिकाणी येतात, ही त्यांची ओळख.

एक उदाहरण : नाकपुडीवरची गाठ

निदान आणि उपचार प्रत्यक्षात कसे पुढे सरकतात हे समजण्यासाठी एक नमुना उदाहरण घेता येईल. व्यक्ती काल्पनिक आहे, घटनाक्रम मात्र त्वचारोग विभागांत नेहमी दिसणारा आहे.

वयाची ६४ वर्षे पूर्ण केलेले, रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ. उजव्या नाकपुडीच्या बाहेरच्या बाजूस ३ मिलिमीटरची पुटकुळी दिसली तेव्हा वस्तऱ्याने कापले असेल, असे त्यांना वाटले. पहिले काही महिने दाढीच्या वेळी रक्त येई. औषध दुकानातून आणलेले प्रतिजैविक मलम लावल्यावर खपली धरली आणि तीन आठवडे काही झाले नाही. पुन्हा रक्त आले तेव्हा दुकानदाराने स्टेरॉइड असलेले मिश्र मलम दिले. त्याने आसपासची लाली कमी झाली, गाठ कमी झाल्यासारखी भासली, पण ती गेली नाही. वर्षभरात तिच्यात काळे ठिपके दिसू लागले. घरातल्यांनी तिला चामखीळ ठरवले आणि शेजारच्या कोणीतरी चुना लावण्याचा सल्ला दिला. दोन वर्षांनी ते त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा गाठ ७ मिलिमीटरची झाली होती आणि मध्ये खळगा पडला होता.

या दोन वर्षांतील प्रत्येक चूक समजण्यासारखी आहे. मलमाने आलेली खपली सुधारणा वाटली. स्टेरॉइडने सूज आणि लाली दबते, त्यामुळे गाठीचे रूप झाकले जाते. चुना, बिब्बा किंवा तत्सम जाळणाऱ्या पदार्थांचा धोका सर्वांत मोठा. ते वरचा भाग जाळतात आणि वर व्रण धरतो. खाली राहिलेले पुंजके त्या व्रणाआड वाढत राहतात आणि पुन्हा दिसू लागतात तेव्हा त्यांचा विस्तार किती आहे याचा अंदाज लागत नाही. चामखीळ केसाने किंवा दोऱ्याने आवळून पाडण्याच्या प्रथेलाही हेच लागू होते.

तपासणी कशी होते?

डॉक्टरांनी प्रथम गाठीवर डर्मोस्कोप ठेवला. हे प्रकाश देणारे, साधारण दहापट मोठे दाखवणारे भिंग असते. त्याने वेदना होत नाहीत. त्यात फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, निळसर-राखाडी अंडाकृती गोळे आणि मध्यभागी व्रण दिसला. साध्या तिळात दिसणारी रंगद्रव्याची जाळी मात्र नव्हती. या खुणांवरून संशय बळावला. निदान पक्के होण्यासाठी बायोप्सी आवश्यक होती.

बायोप्सीसाठी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर केली गेली आणि ३ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने गाठीच्या कडेचा एक तुकडा काढून फॉर्मेलिनमध्ये पाठवला गेला. हे काम बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. 'गाठीला सुई किंवा पाते लावले की कर्करोग पसरतो' हा समज अनेक रुग्णांना बायोप्सीपासून दूर ठेवतो. बेसल सेल कर्करोगात बायोप्सीने रोग पसरत नाही. उलट ती टाळल्यास गाठ कोणत्या प्रकारची आहे आणि किती कापावे लागेल हे ठरवता येत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू असल्यास ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावीत.

सूक्ष्मदर्शकाखाली तळपेशींसारख्या गडद पेशींचे पुंजके दिसले. पुंजक्यांच्या कडेला पेशी कुंपणाच्या काठ्यांप्रमाणे ओळीने उभ्या होत्या आणि पुंजका व भोवतीची ऊती यांच्यामध्ये फट पडली होती. ही या कर्करोगाची नेहमीची चिन्हे. अहवालात गाठ 'नोड्युलर' प्रकारची, रंगद्रव्ययुक्त असल्याचे नमूद होते. सीटी स्कॅन किंवा संपूर्ण शरीराची तपासणी करावी लागली नाही. अशा लहान गाठीत तिची गरज नसते; गाठ हाडाला, डोळ्याच्या खोबणीला किंवा मज्जातंतूला भिडल्याची शंका असेल तरच चित्रण केले जाते.

किती कापायचे, हा खरा प्रश्न

उपचाराचा मुख्य मार्ग शस्त्रक्रिया. दिसणाऱ्या कडेपलीकडे काही अंतर निरोगी वाटणारी त्वचाही घेऊन गाठ काढली जाते, कारण तिची मुळे दृष्टीला दिसतात त्याहून पुढे असू शकतात. लहान, स्पष्ट कडा असलेल्या, कमी धोक्याच्या गाठीसाठी हे अंतर साधारण ४ मिलिमीटर मानले जाते. पाठीवर किंवा हातावर तेवढी त्वचा सहज मिळते. या रुग्णात हिशेब वेगळा होता. ७ मिलिमीटरच्या गाठीभोवती सर्व बाजूंनी ४ मिलिमीटर घेतल्यास १५ मिलिमीटरचा खड्डा पडला असता आणि नाकपुडीची कड त्यात गेली असती.

शिवाय नाक, पापण्या, ओठ, कान आणि कानशिले हा चेहऱ्याचा भाग अधिक धोक्याचा गणला जातो. येथे गाठ राहून गेल्यास ती पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जास्त असते आणि खाली कूर्चा, डोळा असे नाजूक अवयव असतात. अशा जागी मोह्स शस्त्रक्रिया उपयोगी पडते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला.

नेहमीच्या पद्धतीत काढलेल्या तुकड्याचे पावाच्या कापांसारखे मोजके उभे छेद घेऊन तपासतात. दोन छेदांमधली बरीचशी कड न पाहिलेली राहते. मोह्स पद्धतीत गाठीभोवतीची पातळ वाटीसारखी त्वचा काढून ती सपाट केली जाते आणि तिचा संपूर्ण काठ व तळ गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. रुग्ण बाहेर थांबतो. कुठे पेशी उरल्या आहेत ते नकाशावर टिपून केवळ तेवढ्याच जागचा पुढचा थर काढला जातो आणि काठ स्वच्छ येईपर्यंत हे सुरू राहते.

उदाहरणातील रुग्णात पहिल्या थरात गाठीभोवती सुमारे दीड मिलिमीटर त्वचा घेतली गेली, म्हणजे जखम १० मिलिमीटरची झाली. तपासणीत गालाकडच्या एका बाजूस पेशी सापडल्या. फक्त तिथूनच आणखी २ मिलिमीटरचा थर काढला. तो स्वच्छ निघाला. नाकपुडीची कड वाचली. जखम एका दिशेने १२ आणि दुसऱ्या दिशेने १० मिलिमीटरची राहिली. तिच्यावर कानामागून घेतलेली त्वचा बसवण्यात आली. दुसऱ्या बाजूनेही तेवढेच कापले असते तर कड गेली असती. एका बाजूला पुरेसे कापले नसते तर गाठ उरली असती. नेमके कुठे थांबायचे ते दाखवणे, हा या पद्धतीचा लाभ.

नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बेसल सेल कर्करोगाच्या रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. पहिल्यांदाच झालेल्या गाठी दहा वर्षांत पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मोह्स पद्धतीत ४.४ टक्के, तर नेहमीच्या शस्त्रक्रियेत १२.२ टक्के आढळले. मोह्स शस्त्रक्रियेला प्रशिक्षित शल्यचिकित्सक आणि जागेवरच प्रयोगशाळा लागते, त्यामुळे ती भारतात मोजक्याच केंद्रांत होते. जिथे ती नाही तिथे गाठ काढून, काठ स्वच्छ असल्याचा अहवाल येईपर्यंत जखम तात्पुरती झाकून ठेवणे आणि मग पुनर्रचना करणे हा पर्याय वापरता येतो. रुग्णाने डॉक्टरांना विचारावा असा प्रश्न हाच : 'सर्व काठ स्वच्छ आल्याचा अहवाल मिळाला का?'

शस्त्रक्रियेव्यतिरिक्त काय?

धडावरच्या, वरवर पसरलेल्या चट्ट्यांसाठी इमिक्विमॉडसारखे मलम काही आठवडे लावून उपचार करता येतो. लहान, कमी धोक्याच्या गाठी खरवडून विजेने जाळल्या जातात. मात्र नाकावरच्या गाठीवर अशा उपायांचा आग्रह धरणे योग्य नाही, कारण त्यांत काठ तपासला जात नाही. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा वृद्ध रुग्णांसाठी रेडिएशन हा चांगला पर्याय आहे. तरुण रुग्णांत आणि गोर्लिन सिंड्रोममध्ये ते टाळतात, कारण रेडिएशन दिलेल्या जागी पुढे नव्या गाठी येऊ शकतात.

गाठ इतकी पसरली असेल की शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन शक्य नाही, तर व्हिस्मोडेगिबसारख्या गोळ्या देतात. 'पॅच्ड' जनुक बिघडल्याने सुटलेला वाढीचा संदेश ती पुढच्या टप्प्यावर अडवतात. अमेरिकेत या औषधाला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. स्नायूंत पेटके येणे, चव जाणे, केस गळणे हे त्याचे दुष्परिणाम अनेकांना औषध थांबवायला लावतात. गर्भाला ते गंभीर इजा करते, त्यामुळे गरोदरपणात ते वर्ज्य आहे. बहुतांश रुग्णांना या औषधाची गरजच पडत नाही. ती पडते ती उशिरा आलेल्यांना.

उपचारानंतरची नजर

एक गाठ निघाली म्हणजे विषय संपला असे होत नाही. ज्या उन्हाने एक जागा बिघडवली त्याने शेजारच्या जागांनाही सोडलेले नसते, म्हणून एकदा हा कर्करोग झालेल्या व्यक्तीला दुसरीकडे नवी गाठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते. पहिली काही वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी संपूर्ण त्वचेची तपासणी करून घ्यावी. जुन्या व्रणाच्या कडेला नवी चमक, नवा काळा ठिपका, वारंवार धरणारी खपली किंवा बधिरपणा जाणवल्यास पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

रुंद कडांची टोपी किंवा डोक्यावरून गालांपर्यंत येणारा गमछा, अंगभर बाह्यांचे कपडे आणि दुपारी ११ ते ३ या वेळेत शक्य तितकी सावली, हे उन्हात काम करणाऱ्यांसाठी व्यवहार्य संरक्षण आहे. उघड्या राहणाऱ्या नाक, कान आणि ओठांवर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावे लागते. सकाळी एकदा लावलेले दिवसभर पुरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी नोंदवून न्याव्यात : पुटकुळी प्रथम केव्हा दिसली, तिच्यातून किती वेळा रक्त आले, आणि आजवर तिच्यावर काय काय लावले. मोबाइलवर शेजारी पट्टी ठेवून महिन्याच्या अंतराने काढलेली दोन छायाचित्रे असतील तर वाढ मोजता येते. तपासणीच्या आठवडाभर आधी स्टेरॉइडयुक्त मलम आणि घरगुती लेप थांबवावेत आणि खपली ओढून काढू नये. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात ही तपासणी होऊ शकते.